पंचाहत्तरीच्या निमंत्रणात ‘आहेर नको’ आणि ‘त्याऐवजी देणगी’ हे कसे लिहावे

घरातल्या वडीलधाऱ्यांची साठी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले की निमंत्रणाचा बाकीचा मजकूर भराभर लिहून होतो आणि आहेराविषयीच्या वाक्यापाशी सगळे अडतात. ज्यांचा सोहळा आहे त्यांना आणखी शाली, भिंतीवरची घड्याळे आणि देवांच्या तसबिरी नको असतात, पण ते छापले तर पाहुण्यांना तुटक वाटेल आणि न छापले तर दारातच पाकिटांची रांग लागेल, असा पेच असतो. असा मजकूर प्रथमच लिहिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. लग्नाऐवजी पंचाहत्तरीचे उदाहरण घेतले आहे, कारण लग्नातला आहेर दोन घरांच्या मानपानात गुंतलेला असतो, तर पंचाहत्तरीत निर्णय एकाच घराने घ्यायचा असतो आणि म्हणून शब्दांकडे नीट लक्ष देता येते.

आधी घरात ठरवावे

पहिली गोष्ट म्हणजे ज्यांची पंचाहत्तरी आहे त्यांना विचारावे. मुले पुष्कळदा आपल्या सोयीने ‘काही आणू नका’ असे ठरवून मोकळी होतात आणि मग समारंभाच्या दिवशी आईच्या लक्षात येते की आपल्या भावाने आणलेली साडीसुद्धा या नियमात अडकली आहे. आपल्याकडे आहेराचे सरळ दोन भाग पडतात. शेजारी, ओळखीचे, कार्यालयातले जुने सहकारी आणि लांबचे नातेवाईक आणतात तो एक, आणि माहेरची माणसे, भावंडे, जावई, व्याही यांच्याकडून येतो तो घरचा आहेर. दुसऱ्या प्रकारात वस्तूपेक्षा नात्याचा हक्क मोठा असतो, आणि एखाद्या थोरल्या मामांना छापील ओळीने तो हक्क नाकारला गेला तर ते दुखावतात, यात त्यांची चूक नाही. म्हणून छापील ओळ पहिल्या प्रकारासाठी लिहावी आणि घरच्या आहेराविषयी काय करायचे ते संबंधित चार-सहा घरांशी फोनवर किंवा प्रत्यक्ष बोलून ठरवावे. तोही नको असेल, तर ते सांगण्याचा अधिकार उत्सवमूर्तींचा आहे. आईनेच ‘दादा, या वेळी साडी नको, तू दोन दिवस आधी राहायला ये’ असे म्हटले, तर त्यात कुणाचा मान कमी होत नाही.

दुसरे, ‘आहेर’ म्हणजे नेमके काय नको, हे स्पष्ट करून घ्यावे. काही घरांत आहेर म्हणजे कापड, काहींत रोख रकमेचे पाकीट आणि काहींत हातात द्यायची कोणतीही वस्तू. केवळ ‘आहेर आणू नये’ असे लिहिले की निम्मे पाहुणे पाकीट घरी ठेवतात आणि पुष्पगुच्छ घेऊन येतात, आणि रात्री शंभरभर गुच्छांचे काय करायचे हा प्रश्न यजमानांपुढे उभा राहतो. फुलेही नको असतील तर तसे लिहावे लागेल, आणि फुले चालणार असतील तर तो उल्लेख टाळावा.

तिसरे, परतीच्या आहेराचा विचार याच वेळी करावा. पाहुण्यांना ‘काही आणू नका’ असे सांगून निघताना प्रत्येकाच्या हातात किमती वस्तू ठेवली, तर रिकाम्या हाताने आलेला माणूस संकोचतो आणि पुढच्या वेळी कुणाच्याही अशा विनंतीवर विश्वास ठेवत नाही. प्रसाद, एखादे छोटे पुस्तक किंवा रोप इतपत ठीक आहे.

देणगी मागायची की नाही

हा खरा अवघड प्रश्न आहे आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. ‘आहेर नको’ असे म्हणताना आपण पाहुण्याचा एक भार कमी करतो. ‘त्याऐवजी देणगी द्या’ असे म्हणताना तोच भार आपण दुसरीकडे वळवतो आणि बहुधा वाढवतोही, कारण जो माणूस १०१ रुपयांचे पाकीट सहज देऊन गेला असता, त्याला संस्थेच्या पावतीवर १०१ हा आकडा लिहायला अवघड वाटते. निमंत्रितांमध्ये वीस वर्षे घरात काम केलेल्या बाई असतात, निवृत्तिवेतनावर जगणारे शेजारी असतात आणि नुकतीच नोकरी लागलेले भाचेही असतात. त्या सर्वांनी एकच ओळ वाचायची आहे, हे लिहिताना डोळ्यांसमोर असावे.

म्हणून माझ्या मते देणगीचा उल्लेख करायचा तर त्या कार्याचा उत्सवमूर्तींच्या आयुष्याशी खरा संबंध असावा. निवृत्त शिक्षिकेने ग्रामीण शाळेच्या वाचनालयाचे नाव घेतले, किंवा वर्षानुवर्षे एखाद्या संस्थेला मदत करणाऱ्या माणसाने त्याच संस्थेचे नाव घेतले, तर वाचणाऱ्याला ते समजते. असा संबंध नसताना कुठून तरी यादी शोधून चार संस्थांची नावे छापली, तर ती ओळ दिखाऊ होते. संस्था एकच असावी, आणि रकमेचा उल्लेख, अगदी ‘किमान’ किंवा ‘यथाशक्ती’ अशा सूचनेनेही, करू नये. ‘यथाशक्ती’ हा शब्द नम्र वाटतो खरा, पण तो वाचणाऱ्याला स्वतःची ऐपत मोजायला लावतो. ‘इच्छा असल्यास’ हे शब्द त्यापेक्षा बरे, कारण त्यांत न देण्याची मोकळीक आहे. आणि असे कार्य सुचत नसेल, तर ‘आहेर नको’ इथेच थांबावे. तेवढी विनंती स्वतःमध्ये पूर्ण आहे.

ओळ कशी लिहावी

आपल्याकडे सर्वांत प्रचलित ओळ म्हणजे ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’. ती ऐकायला गोड आहे, पण तिचे काम ती करत नाही. इतक्या पत्रिकांवर ती छापली जाते की लोक तिला ‘अगत्य येण्याचे करावे’सारखी शिष्टाचाराची ओळ समजतात आणि पाकीट घेऊनच येतात. काहीजण तर यजमान खरेच नको म्हणतात की वरवर, हे कळेना म्हणून पाकीट खिशात ठेवतात आणि दारात इतर काय करतात ते पाहून ठरवतात. पाहुण्यावर ही वेळ आणू नये.

दुसऱ्या टोकाला ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ ही ओळ आहे. तिचा अर्थ निःसंदिग्ध आहे, पण ती कार्यालयातल्या फलकासारखी वाचली जाते. कोण बोलते आहे ते कळत नाही आणि पाहुणा काही चूक करणार आहे असे गृहीत धरल्यासारखे वाटते. ‘टीप’ किंवा ‘विशेष सूचना’ असे शीर्षक देऊन चौकटीत छापले तर हा कोरडेपणा आणखी वाढतो.

यांच्या मधली वाट अशी, की घरच्या माणसांच्या आवाजात, विनंतीच्या रूपात आणि शक्यतो कारणासह लिहावे. उदाहरणार्थ: ‘आईच्या इच्छेनुसार आपण आहेर, भेटवस्तू किंवा पुष्पगुच्छ आणू नयेत, ही आम्हा सर्वांची आग्रहाची विनंती आहे.’ यात ‘आईच्या इच्छेनुसार’ हे शब्द फार उपयोगी पडतात, कारण आहेर न आणणे हा उत्सवमूर्तींचा मान ठेवण्याचा मार्ग ठरतो, आणि आग्रह करणाऱ्याला आग्रहाला जागा राहत नाही. अर्थात ती इच्छा खरोखर आईची असली पाहिजे. नाहीतर एखादी मावशी तिला थेट विचारेल आणि ओळ उघडी पडेल. उपस्थितीच्या गोड वाक्याचा मोह आवरत नसेल, तर ते या स्पष्ट वाक्यानंतर लिहावे, त्याच्या जागी लिहू नये.

देणगीचे वाक्य याच्या पुढे, स्वतंत्रपणे आणि सौम्यपणे येते. ‘आहेराऐवजी अमुक संस्थेस देणगी द्यावी’ असे एका दमात लिहिले की देणगी हा आहेराचाच पर्याय आणि म्हणून तितकाच अपेक्षित, असा अर्थ होतो. त्याऐवजी दोन वाक्ये करावीत, म्हणजे पहिल्यापाशी थांबणाऱ्याची विनंती तिथेच पूर्ण झालेली असते.

संस्थेकडून काय विचारून घ्यावे

देणगीच्या ओळीत सर्वाधिक गोंधळ नावाचा होतो. संस्था लोकांना ज्या नावाने माहीत असते ते नाव आणि ज्या नावाने तिची नोंदणी व बँक खाते असते ते नाव वेगळे असू शकते. आनंदवन हे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे, पण बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे नाव महारोगी सेवा समिती, वरोरा असे आहे, आणि हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पही याच संस्थेचा आहे. यजमानांनी केवळ प्रकल्पाचे नाव छापले, तर धनादेश कोणाच्या नावे लिहायचा हे पाहुण्याला कळत नाही, आणि कोणत्या प्रकल्पासाठी रक्कम दिली हेही संस्थेच्या नोंदीत हरवू शकते. म्हणून छापण्यापूर्वी संस्थेला फोन करून नोंदणीकृत नाव, देणगी देण्याची पद्धत आणि पावती मिळण्यासाठी लागणारी माहिती विचारून घ्यावी, आणि आपल्या निमंत्रणात नाव वापरण्यास त्यांची हरकत नाही ना, हेही विचारावे.

पाहुण्यांनी थेट संस्थेला द्यावे; यजमानांनी आपल्या खात्यात जमा करून एकत्र रक्कम पाठवू नये. एकत्र पाठवणे सोयीचे वाटते, पण पावती पैसे भरणाऱ्याच्या नावाने निघते, त्यामुळे आयकरात देणगीची वजावट घेऊ इच्छिणाऱ्या पाहुण्याला ती मिळत नाही. शिवाय लग्नातल्या भेटी आयकरातून मुक्त असतात, तशा पंचाहत्तरीतल्या नसतात. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम एकूण ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर ती स्वीकारणाऱ्याचे उत्पन्न समजली जाते, आणि ती आपण दुसऱ्यासाठीच घेतली होती हे सिद्ध करत बसावे लागते.

समारंभात दानपेटी ठेवण्याची कल्पनाही अनेकांना सुचते. पेटीत टाकलेल्या रकमेची कुणाच्या नावे पावती निघत नाही, आणि पेटीजवळून जाताना न टाकणारा माणूस सर्वांच्या नजरेत येतो. त्यापेक्षा संस्थेचा एखादा कार्यकर्ता माहितीपत्रके आणि पावतीपुस्तक घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसू शकत असेल तर तसे करावे, पण ते टेबल प्रवेशद्वारापाशी नसावे. करसवलत हवी असणाऱ्यांना एवढे सांगितले तरी पुरते, की २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही, वस्तुरूप देणगीवरही मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही वजावट मुळात नाही. हे सारे निमंत्रणात लिहायचे नसते. विचारणाऱ्याला सांगता यावे म्हणून यजमानांना ठाऊक असावे.

परदेशातले आप्त असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. अमेरिकेचे किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी भारतीय कायद्याने परदेशी देणगी समजली जाते, जरी ती व्यक्ती जन्माने मराठी असली आणि तिच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी. अशी रक्कम घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते आणि ती संस्थेच्या नेहमीच्या खात्यात न भरता त्यासाठीच्या ठरलेल्या खात्यात भरावी लागते. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेल्या रकमेला हे बंधन नाही. तेव्हा सर्वांना एकच खातेक्रमांक पाठवण्यापूर्वी संस्थेला विचारावे.

एक पूर्ण उदाहरण

समजा, सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षिकेची पंचाहत्तरी आहे, निमंत्रित दोनशेच्या आसपास आहेत, आणि त्या गेली अनेक वर्षे आनंदवनाला दिवाळीत रक्कम पाठवत आल्या आहेत. मुलांनी पहिला मसुदा असा केला: ‘टीप : आहेर स्वीकारला जाणार नाही. आहेराऐवजी आनंदवनास यथाशक्ती देणगी द्यावी. सोबत क्यूआर कोड दिला आहे.’ यातल्या अडचणी आता ओळखता येतील. आवाज कोणाचा ते कळत नाही, नकार आणि मागणी जोडलेली आहे, ऐपतीचा उल्लेख आहे, नाव अपुरे आहे, आणि क्यूआर कोडमुळे निमंत्रणच पैसे भरण्याचे साधन दिसू लागले आहे. कोड छापण्याला माझा आणखी एक आक्षेप आहे: चित्ररूपातली पत्रिका कुठेही पुढे पाठवली जाते, आणि तिच्यातला कोड बदलून दुसऱ्याच खात्याचा टाकणे कठीण नाही. शिवाय कोडवरून भरलेल्या रकमेबरोबर देणाऱ्याचा पत्ता आणि पॅन संस्थेपर्यंत जात नाही, त्यामुळे पावती अडते.

सुधारलेला मजकूर, स्थळ आणि वेळेच्या खाली, असा होतो:

‘आईच्या इच्छेनुसार आपण आहेर, भेटवस्तू किंवा पुष्पगुच्छ आणू नयेत, ही आमची आग्रहाची विनंती आहे. आपण सहकुटुंब यावे, सावकाश जेवावे आणि आईशी गप्पा माराव्यात, एवढेच तिला हवे आहे. आनंदवनाच्या कार्याविषयी आईला वाटणारा जिव्हाळा आपणांस माहीत आहे. त्या कार्यास हातभार लावण्याची कुणाची इच्छा असल्यास महारोगी सेवा समिती, वरोरा या संस्थेशी थेट संपर्क साधता येईल. माहिती आमच्याकडेही मिळेल. — आपले नम्र, मुले, सुना, जावई आणि नातवंडे’

इथे देणगीच्या वाक्यात ‘द्यावी’ हे क्रियापद मुळी आलेलेच नाही. जो विचारेल त्याला थोरल्या मुलाने खात्याचा तपशील स्वतंत्र संदेशाने पाठवायचा, असे घरात ठरलेले आहे. पत्रिका लहान असेल आणि एवढा मजकूर मावत नसेल, तर पहिले वाक्य पत्रिकेवर ठेवावे आणि देणगीविषयीचा भाग सोबतच्या निराळ्या चिठ्ठीवर घ्यावा. उलट कधी करू नये.

निमंत्रण पोहोचवताना आणि समारंभात

छापील ओळ सर्वजण वाचतात असे नाही. पत्रिका हातात देताना किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवल्यानंतर फोन करताना आग्रहाच्या बोलण्यातच हे एक वाक्य घालावे: ‘काका, नक्की या, आणि पत्रिकेत लिहिले आहे तसे खरेच काही आणू नका, आईने बजावले आहे.’ देणगीचा विषय मात्र फोनवर स्वतःहून काढू नये. छापलेली ओळ वाचून सोडून देता येते. समोरचा माणूस बोलू लागला की ते जमत नाही.

इतके करूनही काहीजण पाकीट आणतीलच. इथे यजमानांनी एकच धोरण ठेवावे, आणि ते दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे. एकाचे पाकीट परत केले आणि पुढच्याचे घेतले, हे पाहणाऱ्याला फार लागते, आणि विनंती पाळून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला आपण फसलो असे वाटते. समवयस्क किंवा धाकट्यांना हसून ‘आईचे ऐकायचे ठरले आहे ना’ असे म्हणून बाजूला नेऊन परत द्यावे. ऐंशी वर्षांच्या आत्यांनी आशीर्वाद म्हणून दिलेले पाकीट मात्र नमस्कार करून घ्यावे. चारचौघांत त्यांचा हात मागे सारण्याइतका कोणताही नियम मोठा नाही. अशी पाकिटे मंचावर किंवा टेबलावर दिसू देऊ नयेत, आहेराची नोंदवही मांडू नये, आणि मंचावर पाहुण्यांची रांग लावून प्रत्येकाबरोबर छायाचित्र काढण्याची पद्धत शक्यतो टाळावी, कारण त्या रांगेत हात रिकामा असणे सर्वांत जास्त जाणवते. उत्सवमूर्तींना एका खुर्चीवर बसवून पाहुण्यांनी येत-जात भेटावे, हे अधिक मोकळे होते.

घेतलेल्या पाकिटांतली रक्कम पुढे संस्थेला द्यायची असेल, तर ते त्या व्यक्तीला नंतर कळवावे आणि तिची संमती घ्यावी. आशीर्वादाचे पैसे आईनेच स्वतःसाठी खर्च करावेत, अशीही आत्यांची इच्छा असू शकते.

लग्नासाठी हाच मजकूर वापरायचा तर आधी दोन्ही घरांचे एकमत हवे, कारण वराकडच्या पत्रिकेत ‘आहेर नको’ आणि वधूकडच्या पत्रिकेत काहीच नाही, असे झाले की दोन्हीकडचे निमंत्रित असलेले लोक गोंधळतात. मुलांच्या वाढदिवसाला देणगीची ओळ मला योग्य वाटत नाही. तिथे ‘भेटवस्तू नकोत’ किंवा ‘वाचून झालेले एखादे पुस्तक आणले तर आवडेल’ इतके पुरे. अमेरिकेतल्या मराठी घरांत ‘बॉक्स्ड गिफ्ट्स नकोत’ असे लिहिण्याची रीत आहे, पण तिचा अर्थ रोख पाकीट किंवा गिफ्ट कार्ड चालेल असा घेतला जातो, त्यामुळे काहीच नको असेल तर ती ओळ उसनी घेऊ नये.

समारंभानंतर आठवड्याभरात आभाराचा संदेश सर्वांना एकच जावा आणि त्यात देणगी दिलेल्यांचा वेगळा उल्लेख नसावा. संस्थेने एकूण किती रक्कम जमली ते कळवले, तर तो आकडा सांगायला हरकत नाही, मात्र नावे आणि वैयक्तिक रकमा कुटुंबाच्या गटातही फिरवू नयेत. संस्था देणगीदारांची यादी पाठवणार असेल, तर केवळ एकूण रक्कम कळवा असे तिला आधीच सांगून ठेवावे, आणि पावत्या ज्याच्या त्याच्या पत्त्यावर संस्थेकडूनच जाऊ द्याव्यात.